बीएलवरचा शिक्का, पाठीमागची सही आणि बँकेच्या हरकती: सहा दिवस हातात आहेत

वैदेही (११ मे)

नमस्कार मंडळी. एलसीवर, म्हणजे कागद नीट दिले की पैसे देण्याची हमी खरेदीदाराच्या बँकेने ज्यात दिलेली असते त्या पत्रावर, माल पाठवण्याची ही माझी दुसरीच वेळ, आणि कागद परत आलेत.

माल म्हणजे पितळी फिटिंग्जची ४१२ खोकी, एक वीस फुटी कंटेनर. एलसीप्रमाणे माल जहाजावर चढवायची शेवटची तारीख ३० एप्रिल आणि एलसीची मुदत २० मेपर्यंत. लाइनकडून, म्हणजे जहाज कंपनीकडून, बीएलच्या म्हणजे बिल ऑफ लेडिंग या माल चढल्याच्या आणि सोडवण्याच्या कागदाच्या तीन ओरिजिनल प्रती मिळाल्या, त्या बाकी कागदांसोबत ९ तारखेला बँकेत दिल्या. आज बँकेने दोन हरकती काढल्या.

पहिली अशी. बीएलवर ‘प्री-कॅरेज बाय’च्या रकान्यात फीडरचं, म्हणजे मोठ्या जहाजापर्यंत कंटेनर नेणाऱ्या लहान जहाजाचं, नाव आहे, ‘व्हेसल’च्या रकान्यात मोठ्या जहाजाचं. ‘पोर्ट ऑफ लोडिंग’मध्ये आमचं बंदर नाही, तर वाटेत जिथे कंटेनर फीडरवरून मोठ्या जहाजावर गेला ते बंदर छापलंय. खाली शिक्का आहे, ‘शिप्ड ऑन बोर्ड ३ मे’. बँक म्हणते माल उशिरा चढला आणि बंदरही एलसीप्रमाणे नाही. पण फीडर आमच्या बंदरातून २७ एप्रिललाच सुटला!

दुसरी हरकत, तीनपैकी एका ओरिजिनलच्या पाठीवर आमची सही राहिली आहे.

त्यात खरेदीदाराला मी स्कॅन पाठवला होता, तर त्याने कळवलं की बीएलवर ‘शिपर्स लोड, स्टो अँड काउंट’ असं लिहिलंय, म्हणजे हा क्लीन बीएल नाही.

फॉरवर्डर म्हणतो, “ताई, काळजी करू नका, लाइनकडून ३ मेच्या जागी २९ एप्रिलचा शिक्का मारून आणतो, फक्त एक हमीपत्र द्या.” देऊ का?

---

सुशांत

वैदेही, खरेदीदाराचं बरोबर आहे. ‘शिपर्स लोड अँड काउंट’ म्हणजे लाइनने हात वर केलेत, असा बीएल क्लीन धरत नाहीत. तो शेरा काढून घ्या. लाइन ऐकत नसेल तर हमीपत्र देऊन काढतात, बरेच जण तसं करतात. आणि ‘टू ऑर्डर’ असेल तर सही खरेदीदाराने करायची असते ना? माल त्याच्या हुकमावर सुटतो म्हणून तर ‘टू ऑर्डर’.

---

मृणाल

इतका त्रास कशाला? ओरिजिनल लाइनला सरेंडर करायचे, टेलेक्स रिलीज मागायचा, म्हणजे ओरिजिनल न दाखवता माल सोडा असा निरोप लाइन तिकडच्या ऑफिसला देते, दोन दिवसांत माल सुटतो. आम्ही नेहमी तेच करतो.

---

बंदरकाका

वैदेही, आधी फॉरवर्डरला फोन करून सांग की कोणतंही हमीपत्र मिळणार नाही आणि तारखेला हात लावायचा नाही. बाकीचं सावकाश बोलू. मी सव्वीस वर्षं एका लाइनच्या डॉक्युमेंटेशन काउंटरवर काढली आहेत, म्हणून हे आधी सांगतोय.

३ मेला चढलेल्या मालावर २९ एप्रिलचा शिक्का मारणं म्हणजे मागची तारीख टाकून बँकेला खोटा कागद देणं. जहाज कुठल्या दिवशी कुठे होतं हे आज कोणीही घरबसल्या पाहू शकतं. पकडलं गेलं तर खरेदीदार पैसे नाकारतो, वर फसवणुकीचा दावा करतो, आणि तुझं हमीपत्र असल्यामुळे लाइन तुझ्याकडे बोट दाखवते.

मुख्य म्हणजे तुला खोट्या तारखेची गरजच नाही. खरी तारीख तुझ्या बाजूची आहे, ती बीएलवर आलेली नाही एवढंच.

बँक जहाज लहान की मोठं ते बघत नाही. एलसीचे कागद बँका ज्या नियमांनी तपासतात त्या यूसीपी ६०० चं विसावं कलम विचारतं की एलसीत लिहिलेल्या बंदरावर, नाव दिलेल्या जहाजावर, माल चढला का आणि कधी. तुझा माल तुझ्या बंदरात फीडरवर चढला. फीडर हेही जहाजच. पण लाइनच्या माणसाने फीडरला ‘प्री-कॅरेज’मध्ये बसवलं, म्हणजे कागदापुरतं त्याला बंदरापर्यंत माल आणणाऱ्या ट्रकच्या रांगेत नेऊन ठेवलं. मग खरा समुद्रप्रवास पुढच्या बंदरापासून सुरू झाला असं दिसायला लागलं. ३ मे आणि चुकीचं बंदर, दोन्ही गोष्टी त्या एका रकान्यातून आल्या आहेत.

लाइनकडे हे माग. तिन्ही ओरिजिनल परत देते, नवीन सेट द्या. ‘व्हेसल’मध्ये फीडरचं नाव आणि फेरीचा नंबर, ‘पोर्ट ऑफ लोडिंग’मध्ये आमचं बंदर, ‘पोर्ट ऑफ डिस्चार्ज’ आहे तेच, ‘प्री-कॅरेज’ रिकामं. शिक्क्यात फीडरचं नाव, आमचं बंदर आणि कंटेनर फीडरवर चढल्याची तारीख. मोठ्या जहाजाचं नाव हवं तर मजकुरात खाली ‘दुसरं जहाज’ म्हणून येऊ दे.

एक विचारतो. कंटेनर फीडरवर चढला कधी? २७ ही सुटल्याची तारीख आहे. शिक्क्यावर चढल्याची तारीख येते.

---

वैदेही (११ मे, संध्याकाळ)

काका, खूप आभार. फॉरवर्डरला नाही सांगितलं. टर्मिनलच्या नोंदीत कंटेनर २६ एप्रिलला रात्री चढल्याचं दिसतंय.

पण एलसीत तर ‘ट्रान्सशिपमेंट नॉट अलाउड’ आहे, म्हणजे वाटेत जहाज बदलायला मनाई. फीडर आणि मोठं जहाज अशी दोन नावं दिसली तर तिसरी हरकत येईल ना?

---

बंदरकाका

नाही येणार. त्याच विसाव्या कलमात आहे की माल कंटेनरमध्ये आहे असं बीएलवरून दिसत असेल आणि सगळा प्रवास एकाच बीएलखाली असेल, तर एलसीत मनाई असली तरी ट्रान्सशिपमेंट दाखवणारा बीएल चालतो. मनाईचा शब्द कंटेनरच्या मालाला जवळजवळ लागू पडत नाही. ही तरतूदच एलसीतून वगळली असेल तर मात्र गोष्ट वेगळी, म्हणून तेवढं एकदा वाचून घे.

आता तारखांकडे बघ. २६ एप्रिल ही चढवल्याची तारीख ठरली की कागद देण्याचे एकवीस दिवस तिथून सुरू होतात आणि १७ मेला संपतात. एलसी २० पर्यंत असली तरी तुझी खरी शेवटची तारीख १७. सहा दिवस उरलेत.

नवीन सेटच घे. जुन्यावर खाडाखोड करून दुरुस्ती चालते, पण प्रत्येक दुरुस्तीखाली लाइनची किंवा तिच्या एजंटची सही आणि कोणत्या नात्याने केली ते लागतं, आणि तिन्ही ओरिजिनलवर लागतं. एकावर राहिलं की पुन्हा परत.

---

राजन

काकांच्या बोलण्याला एक पुस्ती. सगळ्या लाइन ऐकत नाहीत. फीडर दुसऱ्या कंपनीचा असेल तर काही लाइन म्हणतात आमची सिस्टिम पहिलं जहाज ‘प्री-कॅरेज’मध्येच छापते. माझ्या बाबतीत चार दिवस वाद घातला तेव्हा बदललं. वैदेही, ईमेल नको, काउंटरवर जा, आणि सोबत एलसीच्या त्या ओळीची प्रत ने. बुकिंग करतानाच सांगितलं असतं तर ड्राफ्टमध्येच नीट आलं असतं, आता पुढच्या खेपेला लक्षात ठेव.

---

मृणाल

माझ्या टेलेक्स रिलीजच्या सूचनेला कोणीच उत्तर दिलं नाही.

---

बंदरकाका

मृणाल, राहिलंच. वैदेहीची एलसी तीनही ओरिजिनल बीएल मागते. ते तिने लाइनला सरेंडर केले तर बँकेत द्यायला तिच्या हातात काही उरत नाही. माल खरेदीदाराला मिळेल आणि बँकेकडून पैसे मागण्याचा आधार जाईल. पैसे आधीच खात्यात जमा झालेले असतात तिथे तुझी पद्धत चांगली आहे.

सुशांत, ‘शिपर्स लोड अँड काउंट’बद्दल. निम्मं बरोबर आहे तुझं. लाइन हात वर करते हे खरं. कंटेनर वैदेहीने भरला, सील तिने लावलं, आत ४१२ खोकी आहेत की ४१० हे लाइनने पाहिलेलं नाही, मग ती कशाला आकडा अंगावर घेईल? म्हणून उद्या दोन खोकी कमी निघाली तर खरेदीदार लाइनला धरू शकत नाही, तो वैदेहीकडे येतो. भरताना दार लावण्याआधीचे आणि सील नंबर दिसेल असे फोटो काढून ठेवायचे ते यासाठी.

पण त्यामुळे बीएल क्लीन राहत नाही हे चूक. क्लीन नसणं म्हणजे माल किंवा त्याचं पॅकिंग खराब आहे असं बीएलवर स्पष्ट लिहिलेलं असणं. ‘सात खोकी ओली’, ‘पिंपांना गंज’, ‘पॅकिंग समुद्रप्रवासाला पुरेसं नाही’. इथे शब्दागणिक फरक पडतो बरं का. ‘पॅकिंग पुरेसं नाही’ लिहिलं तर बँक नाकारते, ‘पॅकिंग कदाचित पुरेसं नसेल’ लिहिलं तर चालवून घेते, कारण दुसऱ्यात कोणताच दोष ठामपणे सांगितलेला नाही. ‘शिपर्स लोड अँड काउंट’ आणि ‘सेड टू कंटेन’ यांना तर यूसीपीच्या सव्विसाव्या कलमात नाव घेऊन परवानगी आहे. ‘क्लीन’ हा शब्द बीएलवर छापलेला असण्याचीही गरज नसते. वैदेही, खरेदीदाराला एवढं कळव आणि तो विषय सोड.

हमीपत्राचं मात्र ऐकवत नाही. १९५७ साली इंग्लंडच्या अपील कोर्टात एक प्रकरण गेलं होतं. संत्र्याच्या रसाची शंभर पिंपं, जुनी आणि गळकी. लाइनने पाहिलं होतं, तरी पाठवणाऱ्याचं हमीपत्र घेऊन क्लीन बीएल दिला. पुढे नुकसान लाइनच्या अंगावर आलं तेव्हा तिने हमीपत्र पुढे केलं, आणि बहुमताने निकाल आला की खोटा कागद बनवण्यासाठी घेतलेलं हमीपत्र वसूल करता येत नाही. म्हणजे असलं हमीपत्र देणाऱ्याला लाज आणि घेणाऱ्याला तोटा. काउंटरवर असताना मी अशी पत्रं परत पाठवली आहेत आणि त्यासाठी वरिष्ठांची बोलणीही खाल्ली आहेत.

---

सुशांत

काका, शेऱ्याचं पटलं. पाठीमागच्या सहीचं सांगा. ‘टू ऑर्डर’ म्हणजे नक्की कोणाचा हुकूम?

---

बंदरकाका

पुढे नाव नसेल तर शिपरचा. ‘टू ऑर्डर’ आणि ‘टू ऑर्डर ऑफ शिपर’ दोन्ही एकच. माल कोणाला द्यायचा ते शिपर सांगणार, आणि तो ते पाठीवर सही करून सांगतो. ‘टू ऑर्डर ऑफ अमुक बँक’ असेल तर हुकूम त्या बँकेचा, तिथे वैदेहीने सही करायची गरजच नाही. खरेदीदाराचं नाव पाठीवर कुठेच नसतं जोवर कोणी ते लिहीत नाही.

वैदेही, एलसीत एंडोर्समेंटबद्दल, म्हणजे या पाठीवरच्या सहीबद्दल, काय शब्द आहेत? आणि एक काम कर. बीएलच्या ‘शिपर’च्या रकान्यातलं नाव आणि पाठीवर मारलेल्या शिक्क्यातलं नाव शेजारी ठेवून अक्षर-अक्षर वाच.

---

वैदेही (१२ मे)

एलसीत ‘मेड आउट टू ऑर्डर अँड ब्लँक एंडोर्स्ड’ आहे.

काका, नावं वाचली. ‘शिपर’मध्ये आमच्या फर्मच्या नावापुढे ‘ट्रेडिंग कंपनी’ आहे. शिक्का जुना आहे, त्यात ‘ट्रेडर्स’ आहे. गेल्या वर्षी नाव बदललं तेव्हा शिक्का तोच राहिला. बँकेने हे लिहिलेलं नाही, पण आता माझी झोप उडाली.

---

बंदरकाका

बरं झालं पाहिलंस. तुझ्या बँकेने सोडलं म्हणून खरेदीदाराची बँक सोडेल असं नाही, आणि पैसे तिने द्यायचे आहेत. हुकूम ज्या नावाचा, सही त्याच नावाने हवी. नवीन सेट येतोच आहे, तोवर नवा शिक्का करून घे. तिन्ही ओरिजिनलच्या पाठीवर फर्मचं नाव, सही, सहीखाली हुद्दा. ‘ब्लँक’ म्हटलंय म्हणजे दुसरं कोणाचंही नाव लिहायचं नाही, ना बँकेचं, ना खरेदीदाराचं.

ब्लँक केलेला बीएल ज्याच्या हाती त्याचा माल, असं समजून वाग. घरून सह्या करून कुरिअरने पाठवू नकोस. बँकेच्या काउंटरवर नेऊन, तिथेच तिन्हींवर सह्या कर, म्हणजे एक राहण्याची भीतीही नाही.

---

राजन

सहीवरून माझी गोष्ट सांगतो, त्याने मला सात आठवडे रडवलं होतं. एलसी नव्हती, कागद बँकेमार्फत, खरेदीदाराने पैसे भरले की बँक कागद देणार. बीएल ‘टू ऑर्डर’. मला वाटलं नाव लिहिलेलं जास्त सुरक्षित, म्हणून पाठीवर ‘डिलिव्हर टू द ऑर्डर ऑफ’ लिहून खरेदीदाराचं नाव टाकलं आणि सही केली. भाव पडला, त्याने कागद सोडवलेच नाहीत. त्याच बंदरावर दुसरा गिऱ्हाईक मिळाला, तयार होता. पण लाइनचं तिकडचं ऑफिस म्हणालं, हुकूम आता पहिल्याच्या नावाचा आहे, पुढे त्याची सही आणा. पैसे न देणाऱ्या माणसाच्या मागे मी त्याच्या सहीसाठी फिरत होतो. तोवर कंटेनरचं भाडं चढत होतं.

काका, मी माझी ती ओळ स्वतःच खोडून ब्लँक करू शकलो असतो का? बँक हो म्हणाली, लाइन नाही म्हणाली.

---

बंदरकाका

राजन, माझं मत असं की नुसतं नाव लिहून हक्क जात नाही, कागद त्याच्या हाती पोचावा लागतो. तुझे कागद बँकेतच होते, म्हणजे तुला स्वतःचं एंडोर्समेंट खोडता यायला हवं. पण डिलिव्हरी काउंटरवरच्या माणसाचीही बाजू आहे. त्याला खोडलेली ओळ दिसते, ती कोणी आणि कधी खोडली हे दिसत नाही, आणि चुकीच्या माणसाला माल दिला तर भरपाई त्याच्या कंपनीला करावी लागते. आम्ही अशा वेळी पूर्ण सेट परत घेऊन नवीन बीएल काढायचो. काही ऑफिस बँक गॅरंटी मागतात. एकच नियम सगळीकडे चालताना मी पाहिलेला नाही.

अशा व्यवहारात ब्लँक ठेवायचं नसेल तर कागद ज्या बँकेतून सुटणार तिच्या नावे, तिला आधी विचारून, करता येतं. पैसे येण्याआधी खरेदीदाराच्या नावे कधीच नाही.

---

मृणाल

माझ्या बीएलवर ‘टू ऑर्डर’ नसतंच, कन्साइनीत थेट खरेदीदाराचं नाव असतं. ओरिजिनल माझ्याकडे असेपर्यंत माल अडलेला, बरोबर ना? पाठीवर सहीची भानगड नाही.

---

बंदरकाका

सहीची भानगड नाही, कारण तो बीएल पुढे कोणाच्या नावे करताच येत नाही. खरेदीदार फिरला तर राजनपेक्षा तुझी अडचण मोठी.

आणि ओरिजिनल तुझ्याकडे म्हणजे माल अडलेला, हे माल कोणत्या देशात जातो त्यावर आहे. इंग्लंडमध्ये ‘राफाएला एस’ या जहाजाच्या प्रकरणात २००५ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने अशा बीएललाही मालकीहक्काचा कागद मानलं. तो दाखवल्यावरच माल सोडायचा असं त्या बीएलवर छापलेलंही होतं. अमेरिकेत १९१६ चा कायदा उलट आहे, तिथे थेट नावाचा बीएल असेल तर त्या नावाच्या माणसाला ओरिजिनल न घेताही लाइन माल देऊ शकते. तुझा माल कुठे जातो?

---

मृणाल

दोन गिऱ्हाईकं अमेरिकेतच आहेत. आजच दोघांचे कागद काढून बघते.

---

वैदेही (१६ मे)

सगळ्यांना कळवते. लाइनच्या काउंटरवर दोनदा जावं लागलं. पहिल्या दिवशी राजनदादा म्हणाले तेच, सिस्टिम तसंच छापते. दुसऱ्या दिवशी एलसीची ओळ आणि टर्मिनलची नोंद ठेवली, तेव्हा त्यांच्या मॅनेजरने नवीन सेट मंजूर केला. आता ‘व्हेसल’मध्ये फीडर, आमचं बंदर, शिक्क्यावर २६ एप्रिल.

एक गडबड होता होता राहिली. नवीन ड्राफ्टवर शिक्क्यातलं बंदर बरोबर होतं, पण जहाजाचं नाव मोठ्याचंच राहिलं होतं. काकांनी रकाने एकेक करून सांगितले नसते तर मी नुसती तारीख बघून होकार दिला असता.

नव्या शिक्क्याने तिन्हींवर सह्या बँकेच्या टेबलावरच केल्या. आज कागद घेतले, हरकत काढली नाही, उद्याच कुरिअरने पुढे जातील. खरेदीदाराच्या बँकेचं यायचंय.

खरेदीदार अजून ‘शिपर्स लोड अँड काउंट’ काढा म्हणतोय. कलमाचा नंबर कळवलाय.

---

बंदरकाका

छान. कागद तिकडे पोचले की तपासायला त्या बँकेला पाच कामाचे दिवस मिळतात, तेवढे मोज. सहाव्या दिवशीही उत्तर नसेल तर तुझ्या बँकेला स्विफ्टने विचारायला लाव, आणि काय उत्तर येतं ते इथे टाक.